ताईचे आभार मानायचेत, पण भाषण न करता

मराठी घरात मोठ्या बहिणीला ‘धन्यवाद’ म्हणायची रीत नाही. रिक्षावाल्याला, बँकेतल्या कारकुनाला आपण सहज थँक्यू म्हणतो, पण ताईला म्हटलं की ‘परकी झाले का मी आता?’ असं ऐकून घ्यावं लागतं. दुसऱ्या टोकाला ‘ऋण’, ‘उपकार’, ‘त्याग’ हे शब्द आहेत, पण ते शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमातले. स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ते तोंडातून निघत नाहीत, आणि निघालेच तर ऐकणारी हसते. या दोन टोकांच्या मधलं वाक्य सापडत नाही म्हणून ते बोलायचं राहून जातं, कधीकधी चाळीस वर्षं.

ते मधलं वाक्य तयार करता येतं. त्याला तयारी मात्र लागते, आणि बरीचशी तयारी बोलायच्या आधीची असते.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. माणसं काल्पनिक आहेत, पण गिरणगावात अशी घरं गल्लोगल्ली होती. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक घरांत पगार थांबला तो थांबलाच. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत ताई सोळा वर्षांची, धाकटा भाऊ दहाचा. ताईची दहावीची परीक्षा त्याच मार्चमधली. ती पहिल्या वर्गात पास झाली. जूनमध्ये तिच्या मैत्रिणी अकरावीला गेल्या आणि ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. भाऊ 1988 ला दहावी झाला, त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, नोकरी लागली, घर झालं. ताईचं लग्न 1992 ला, सव्विसाव्या वर्षी. आज ती साठीला आलेली आणि भाऊ त्रेपन्न-चोपन्नचा. त्याला तिला काही सांगायचंय.

आधी कागदावर: काय झालं होतं?

पहिलं काम बोलायचं नाही, आठवायचं आहे. एक कोरा कागद घ्या आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: ताईनं काय केलं, त्यात तिचं काय गेलं, आणि त्यातून मला काय मिळालं. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला वेळ लागत नाही. दुसऱ्या गोष्टीपाशी पेन अडतं, कारण तिचं काय गेलं हे आपण कधी विचारलेलं नसतं, फक्त धरून चाललेलो असतो. प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे मी डोळ्यांनी पाहिलं, हे कुणी सांगितलं, हे माझं मीच ठरवलं. बोलताना फक्त पहिल्या प्रकारातलं वापरायचं. दुसऱ्या प्रकारातलं वापरायचं तर आधी पडताळून घ्यायचं. तिसरं खोडून टाका.

पडताळायला जुनी मार्कशीट, पासबुक, लग्नपत्रिका उपयोगी पडतात. त्यांवर तारखा असतात आणि तारखा भल्याभल्या आठवणी सरळ करतात. भावाला वाटत असतं की ताईनं आपल्या डिप्लोमासाठी कॉलेज सोडलं. तारखा लावून बघितल्या की कळतं, ती कामाला लागली तेव्हा तो चौथी-पाचवीत होता. डिप्लोमाचं नावही घरात कुणी काढलेलं नव्हतं. ती लागली ती किराण्याची उधारी फेडायला. त्याची फी तिच्या पगारातून गेली ती सहा वर्षांनी. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण वेगळ्या. त्यांची एकत्र मोट बांधली की ताईला लगेच कळतं की याला नीट माहीत नाही, आणि पुढचं सगळं ती वरवर ऐकते.

आई हयात असेल तर तिला विचारावं, पण बोलता बोलता. ‘ताई कामाला लागली तेव्हा मी कितवीत होतो गं?’ एवढंच. इथे एका गोष्टीची तयारी ठेवा. आई बहुधा म्हणेल, ‘तिलाच पुढं शिकायचं नव्हतं.’ हे खरं असेलही. पण मुलीचं शिक्षण आपण थांबवलं ही बोच घेऊन चाळीस वर्षं काढणं अवघड असतं, म्हणून आईबापांच्या आठवणीत निर्णय हळूहळू मुलीचा होऊन जातो. आईशी वाद घालू नका. तिचं वाक्य ताईपर्यंत नेऊही नका.

सोडलं, सुटलं की राहिलं?

या साऱ्या प्रकारात सर्वांत जास्त चूक एका क्रियापदात होते. ‘ताई, तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस.’ ऐकायला हे वाक्य गोड आहे. पण ‘सोडलंस’ म्हटलं की तो निर्णय तिचा होतो. सोळा वर्षांच्या मुलीला कुणी विचारलं होतं का? बऱ्याच घरांत विचारलं नव्हतं. ‘आता पुरे झालं, काकांनी काम बघितलंय, सोमवारपासून जा’ असं सांगितलं होतं. जे हिसकावून घेतलं गेलं त्याला ‘तू दिलंस’ म्हणून आभार मानले तर ताईच्या मनात बसलेली जुनी गोष्ट पुन्हा टोचते, आणि या वेळी ती टोचणी आपण दिलेली असते.

‘माझ्यासाठी’ हा शब्दही तसाच. तिनं कदाचित आईचे हाल बघवेनात म्हणून केलं असेल. घरात बसून राहण्यापेक्षा बाहेर पडणं तिला आवडलंही असेल. आपण त्या गोष्टीच्या मध्यभागी होतो असं धरून चालणं हा धाकट्यांचा जुना रोग आहे.

मराठीत यावर सोपी सोय आहे. ‘तुझं कॉलेज राहिलं.’ यात कुणी सोडलं, कुणी सोडवलं, याचा निवाडा नाही. राहिलं एवढंच. त्याला जोडून ‘आणि माझं झालं’ म्हणा. ‘तुझं कॉलेज राहिलं आणि माझं झालं’ या सहा शब्दांत दोन्ही बाजू येतात आणि कुणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही. तिनं स्वतःहून, सगळ्यांचा विरोध पत्करून काही केलं होतं हे पक्कं माहीत असेल तेव्हाच ‘केलंस’, ‘दिलंस’, ‘सोडलंस’ ही क्रियापदं वापरा.

‘त्याग’ हा शब्द पूर्ण गाळा. तो तिचा शब्द असेल तर ती वापरेल. नसेल तर तिचं सगळं तरुणपण आपण एका शब्दात गुंडाळून तिच्या हातात देतो, आणि त्या वर्षांत तिच्या मैत्रिणी, डब्यातल्या गप्पा, पगाराच्या दिवशी खाल्लेली भेळ हेही होतं, ते बाजूला पडतं.

एकच गोष्ट निवडा

कागदावर आठ-दहा ओळी झाल्या असतील. त्यातली एक घ्यायची. सगळी यादी वाचून दाखवली तर तो हिशोब होतो, आणि हिशोबाला माणूस हिशोबानंच उत्तर देतो. ‘अरे, तेव्हा मामांनीही पैसे दिले होते’ अशी दुरुस्ती सुरू होते आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते.

कोणती घ्यावी? छोटी, वस्तूत दिसणारी आणि तुम्ही स्वतः पाहिलेली. आपल्या उदाहरणातल्या भावाकडे दोन पर्याय आहेत. एक मोठा: ताईच्या पगारावर सहा वर्षं घर चाललं. दुसरा लहान: ड्राफ्टर. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर लागतो. ड्रॉइंग बोर्डच्या कडेला स्क्रूनं घट्ट करायचा आणि त्याच्या पट्ट्या कोनात फिरवून रेघा मारायच्या. भावाकडे तो नव्हता. जुलैपासून तो मित्राचा मागून आणत होता, मित्राचं शीट पूर्ण झाल्यावर रात्री. दिवाळीचा बोनस झाला आणि ताईनं ड्राफ्टर आणला, पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्या दिवाळीत तिनं स्वतःला साडी घेतली नाही. हे त्यानं पाहिलंय.

ड्राफ्टर घ्यावा. मोठी गोष्ट काढली की ताईला ती नाकारावीच लागते, कारण एवढं मोठं कौतुक तोंडावर स्वीकारायची आपल्याकडे सोय नाही. ड्राफ्टर नाकारता येत नाही. तो आणला होता. आणि त्या एका वस्तूच्या मागे उरलेली सहा वर्षं उभी आहेत हे दोघांनाही न सांगता कळतं.

एक मर्यादा पाळायची. तिनं स्वतः कधी न काढलेला विषय आपण काढायचा नाही. आपल्या उदाहरणात तो लग्नाचा आहे. त्या काळी चाळीत सव्विसावं म्हणजे उशीर होता, शेजारणी बोलायच्या, दोन स्थळं पुढे गेली नाहीत. भावाला वाटतं हेही आपल्यामुळेच. पण ‘माझ्यामुळे तुझं लग्न लांबलं’ म्हटलं की त्या वाक्याखाली तिचा नवरा, मुलं, संसार सगळं येतं. जणू वेळेवर झालं असतं तर दुसरं काही बरं मिळालं असतं! हे वाक्य मनातच ठेवायचं.

चार वाक्यं

आता बांधणी. पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट. दुसऱ्यात त्यासाठी तिचं काय राहिलं, तेही दिसलं तेवढंच. तिसऱ्यात त्यातून मला काय मिळालं, नेमकं. चौथ्यात ‘हे मला माहीत आहे’ एवढं सांगून थांबायचं.

पहिल्या झटक्यात बहुतेकांच्या हातून असं काहीतरी उतरतं:

‘ताई, तू माझ्यासाठी जो त्याग केलास तो मी सात जन्मांत फेडू शकणार नाही. तू नसतीस तर मी आज कुठे असतो कुणास ठाऊक. तू माझी बहीण नाहीस, आईच आहेस. तुझ्या ऋणातच राहायला मला आवडेल.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही त्याचं स्वतःचं नाही. निरोप समारंभात मुख्याध्यापकांसाठीही ते चालेल. ‘तू नसतीस तर’ याला ताई म्हणणार, ‘काहीतरी केलंच असतंस तू’, आणि तिचं बरोबर आहे. ‘आईच आहेस’ हे तर जपून. आई शेजारच्या खोलीत असेल तर तिला लागतं, आणि आई नसेल तरी ताईकडून तिचं बहीणपण आपण काढून घेतो. ती आपल्याशी भांडली, आपल्याबरोबर चोरून बोरं खाल्ली, ते आईनं केलेलं नव्हतं. ‘ऋणात राहायला आवडेल’ हे मला तर थोडं सोयीचंही वाटतं. फेडायचं नाही हे आधीच जाहीर.

आता ड्राफ्टर घेऊन:

‘ताई, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी तू बोनसमधून ड्राफ्टर आणला होतास ना, त्या दिवाळीला तू साडी घेतली नव्हतीस. मी बघितलं होतं, तेव्हा बोललो नाही. त्या ड्राफ्टरवर मी पुढची सगळी सेमिस्टर काढली, आणि पहिली नोकरी ड्रॉइंग ऑफिसमध्येच लागली. तुझं कॉलेज राहिलं आणि माझं झालं, हे मी विसरलेलो नाही.’

हे मोठ्यानं, सावकाश म्हटलं तरी अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. एवढंच पुरतं. ‘धन्यवाद’ कुठेही नाही, आणि त्याची गरजही पडलेली नाही. ‘मी बघितलं होतं’ हे त्यातलं सर्वांत कामाचं वाक्य. मोठ्या भावंडांना बहुतेकदा फेड नको असते. आपण केलं ते कुणाच्या लक्षात तरी आलं का, हा प्रश्न मात्र मागे उरलेला असतो.

पाठ करू नका, पण दोनदा मोठ्यानं म्हणून बघा. घसा कुठे दाटतो ते आधी कळलेलं बरं. जिथे दाटतं ते वाक्य छोटं करा.

माफी यात मिसळू नका. ‘इतकी वर्षं बोललो नाही, मला माफ कर’ असं जोडलं की ताईला तुमची समजूत घालावी लागते. आयुष्यभर तिनं तेच केलेलं असतं. माफी मागण्यासारखं खरंच काही असेल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळी मागा.

कुठे आणि कधी

भाऊबीजेचा दिवस मनात येतोच, पण तो टाळावा. त्या दिवशी घरात माणसं असतात, ताटात ओवाळणी पडते, आणि ओवाळणीच्या पाकिटाबरोबर बोललेलं वाक्य पाकिटाचंच होऊन जातं. त्यातून त्या वर्षी पाकीट जाड असेल तर हिशोब चुकता केल्यासारखं दिसतं. साठीशांत, वास्तुशांत, भाच्याचं लग्न, हातात माईक असलेली कुठलीही जागा नको. तिथे ताईला शंभर माणसांसमोर चेहरा सांभाळावा लागतो. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे दहा मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, आणि मधल्या भावानंही काही केलं होतं, ते कुणी लिहिलं नाही, यावरून वेगळंच महाभारत सुरू होतं.

चांगली जागा म्हणजे दोघांचे हात कामात आणि डोळे एकमेकांवर नाहीत अशी. मेथी निवडताना, शेंगा सोलताना, गावाला जाताना गाडीत शेजारी बसून, संध्याकाळी बाजारातून परत येताना. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘ताई, मला तुझ्याशी जरा बोलायचंय’ असं म्हणू नका. साठीच्या बाईला हे वाक्य ऐकलं की आजारपण किंवा घटस्फोटच सुचतो, आणि पुढचं एक मिनिट ती घाबरलेली असते.

जेवणानंतरची वेळ बरी. जेवणाआधीची नको, तिचं लक्ष गॅसकडे असतं. निघायची घाई असलेली वेळही नको. निदान तासभर तरी तुम्ही तिथेच असायला हवं, म्हणजे बोलून झाल्यावर साधं काहीतरी बोलायला वेळ मिळतो. दाजी घरात नसतील अशी वेळ निवडण्यालाही कारण आहे. पुष्कळ बहिणींनी लग्नानंतरही माहेरी गुपचूप पैसे पाठवलेले असतात. तुम्ही भोळेपणानं ते दाजींसमोर बोललात तर तिला जुन्या गोष्टीचा नवा जाब द्यावा लागेल.

ती काय म्हणेल

बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘त्यात काय एवढं’, ‘कुणीही केलं असतं’, नाहीतर ‘तुला बरं आठवतंय सगळं!’ इथे पटवायला जाऊ नका. ‘नाही नाही ताई, तुला कळत नाही तू किती केलंस’ इथून नाट्य सुरू होतं. ‘केलंस तू, म्हणून सांगितलं’ म्हणा आणि हातातली मेथी निवडत राहा.

कधी ती काहीच बोलत नाही, उठून आत जाते, भांडी लावते. मागे जाऊ नका. डोळे पुसायचे असतात, किंवा नुसता वेळ हवा असतो. पाच-दहा मिनिटांनी आपण उठावं, चहाचं आधण ठेवावं.

रडलीच तर शेजारी बसून राहा. ‘रडू नकोस’ म्हणायची गरज नाही. पाणी द्या. आपण आणखी बोलू नका, कारण तिच्या रडण्यावर आपलं बोलणं चढवलं की दोघांनाही थांबता येत नाही.

सर्वांत अवघड उत्तर म्हणजे, ‘आता आठवलं होय?’ हे येऊ शकतं, आणि ते येण्यात तिचं काही चुकलेलं नाही. इथे ‘मी तेव्हा लहान होतो’, ‘नोकरीत अडकलो’ असं काहीही सांगायचं नाही. ‘हो. उशीरच झाला’ एवढंच म्हणा आणि ती पुढे बोलू लागली तर ऐका. कदाचित तुम्हाला माहीत नसलेलं बाहेर येईल: कंपनीतला मुकादम कसा होता, पहिला पगार कुणाच्या हातात गेला, मार्कशीट तिनं कुठे ठेवली होती. मध्ये दुरुस्ती करू नका. तुमच्या कागदावर काही वेगळं असलं तरी त्या संध्याकाळी तिचंच खरं.

बोलता येत नसेल तर पत्र

काही घरांत तोंडावर बोलणं होतच नाही. ताई लांब असेल, तुम्ही परदेशात असाल, किंवा बोलायला गेलं की जीभ अडखळते. अशा वेळी पत्र लिहा, हातानं. एक पान, दीडशे-दोनशे शब्द, त्याहून जास्त नाही. ओळी सुट्या ठेवा आणि अक्षर जरा मोठं काढा. साठीतल्या डोळ्यांना दाटीवाटीचा कागद चष्मा लावूनही त्रास देतो, आणि मग तो वाचायला भाचीकडे जातो. हे पत्र तिसऱ्यानं वाचण्यासाठी नाही. तिला वाचणं जडच जात असेल तर पत्राऐवजी दीड मिनिटाचा आवाजातला निरोप तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवा आणि सुरुवातीलाच म्हणा, ‘एकटी असशील तेव्हा ऐक.’ नाहीतर स्पीकरवर लागतो.

मायना ‘ती. सौ. ताईस, शि. सा. न.’ असा जुना लिहायची सवय असेल तर लिहा, छान दिसतो. नसेल तर ‘ताई,’ पुरे. पत्राचा ढाचा चार वाक्यांचाच, मध्ये आणखी एक-दोन तपशील:

‘ताई,

परवा माळा आवरताना जुना ड्राफ्टर सापडला. स्क्रू गंजलाय, पण पट्टी अजून सरळ आहे. तू तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होतास. त्या वर्षी तुझ्या बोनसमध्ये तो आला आणि साडी आली नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. जुलैपासून मी मित्राचा ड्राफ्टर रात्री आणायचो, तर मला उजेड मिळावा म्हणून तू दिव्याकडे पाठ करून झोपायचीस. सकाळी सातची तुझी पाळी असायची.

त्या ड्राफ्टरवर माझा डिप्लोमा झाला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी ड्रॉइंगच काढायला लावलं होतं.

तुझं कॉलेज राहिलं आणि माझं झालं. हे कधी बोललो नाही, म्हणून लिहून पाठवतोय. उत्तर लिहायला बसू नकोस. गणपतीत येतोच आहे.’

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम आहे. उत्तराची अपेक्षा नाही हे स्पष्ट लिहिलं नाही तर तिला वाटतं काहीतरी लिहायला हवं, आणि पत्र तिच्यावर नवं काम होऊन बसतं. पोस्टानं पाठवा किंवा निघताना तिच्या हातात द्या आणि ‘नंतर वाच’ म्हणा. आपल्यासमोर वाचायला लावू नका.

दादाच्या बाबतीत, म्हणजे बारावीनंतर शेतीत राहिलेला किंवा वडिलांच्या जागी कामाला लागलेला भाऊ, सगळं हेच लागू आहे. फरक एवढाच की वाक्यं आणखी कमी करावी लागतात. बांधावरून चालताना ‘दादा, तू इथं राहिलास म्हणून मला पुण्याला जाता आलं’ एवढं म्हटलं की झालं. त्यावर तो मोटारीच्या स्टार्टरबद्दल बोलू लागला तर स्टार्टरबद्दल बोला.

सही बाकी असेल तर थांबा

आता जरा कटू बाजू. वडिलांच्या खोलीचा पुनर्विकास, गावची जमीन, म्हाडाच्या घरासाठी वारसांचे कागद, असं काही चालू असेल आणि त्यात ताईची सही लागणार असेल, तर सही होईपर्यंत आभाराचा शब्द काढू नका. तुमचं मन कितीही स्वच्छ असो, हक्कसोडपत्राच्या आधीच्या महिन्यात आलेलं पत्र हे हक्कसोडपत्रासाठीच आलेलं वाटतं, आणि तिच्या सासरचे तर तसंच म्हणणार.

उलट, कागद आधी नीट करा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः वाटा दिला, आणि तिथे वडील 2005 साली हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. ताईला हे माहीत असेलच असं नाही. ‘तुझा एवढा वाटा आहे, तुला घ्यायचा की सोडायचा ते तू ठरव, घेतलास तरी माझं काही म्हणणं नाही’ हे तिला आधी सांगा. जिचं कॉलेज न विचारता राहिलं, तिची सही तरी विचारून घ्या. हे न करता नुसते आभार मानले तर ते तिला पोकळच वाटणार.

पैसे द्यायचे असतील तर बोलण्याच्या दिवशी नाही. मध्ये दोन-तीन महिने जाऊ द्या आणि कारण आजचं असू द्या: डोळ्यांचं ऑपरेशन, आरोग्य विम्याचा हप्ता, घराची गळती. ‘तेव्हाचे परत’ म्हणून कधीच नाही. रक्कम तिच्या एकटीच्या खात्यावर, बँकेतून जाऊ द्या. भावानं बहिणीला दिलेल्या भेटीवर तिला आयकर लागत नाही, रक्कम मोठी असली तरी. मात्र ती ठेवून मिळणारं व्याज तिच्या उत्पन्नात धरलं जातं. मोठी रक्कम असेल तर ‘ही भेट आहे’ असं दोन ओळींचं पत्र तारखेसह जवळ ठेवावं. पुढे कुणी उसने म्हणू नयेत.

मुलांना सांगणं

चार माणसांत सांगायला एक जागा मात्र योग्य आहे, ती म्हणजे तिची मुलं. त्यांना बहुतेक माहीतच नसतं. आई दहावीपर्यंत शिकली एवढंच ठाऊक असतं, आणि फोनमध्ये काही अडलं की ‘आई, तुला नाही कळणार’ हेही तीच म्हणतात. आधी ताईला विचारा, ‘पोरांना सांगू का ड्राफ्टरचं?’ नको म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर जेवताना, सहज, माहिती दिल्यासारखं: ‘तुझी आई दहावीला पहिल्या वर्गात होती, माहितीय? माझा ड्राफ्टर तिनं घेतलेला.’ पुढचे प्रश्न मुलं विचारतात आणि उत्तरं ताई देते. तिथे आपण गप्प बसावं, वाढून घ्यावं.

पत्र पाठवलं असेल तर ‘मिळालं का?’ एवढंच एकदा विचारायला हरकत नाही, तेही पोस्टाचा भरवसा नाही म्हणून. ‘वाचलंस का, काय वाटलं?’ हे विचारू नका. ती महिनाभर काही बोलणार नाही, कदाचित कधीच नाही. तिचा पुढचा फोन रेशनकार्डाच्या केवायसीसाठी येईल, अंगठा लागत नाही म्हणून वैतागलेली असेल. तेव्हा नेहमीसारखंच म्हणायचं, ‘थांब, रविवारी येतो, दुकानात जाऊन करू.’